भाडेकरूचा पाणी व वीजपुरवठा तोडणे (महाराष्ट्र)

भाडेकरूने जागा सोडावी यासाठी घरमालकाने त्याचा पाणी, वीज किंवा तत्सम पुरवठा तोडणे अथवा रोखून धरणे, यास महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ अन्वये मनाई आहे. या कलमाने भाडेकरूला तीन स्वतंत्र मार्ग दिले आहेत. पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश तो न्यायालयाकडून मिळवू शकतो, घरमालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय संबंधित प्राधिकरणाकडून पुरवठा घेऊ शकतो आणि घरमालकाविरुद्ध फौजदारी कारवाईची मागणी करू शकतो. हे मार्ग परस्परांना पर्याय नाहीत. ते एकाच वेळी अवलंबिता येतात. भाडेकरूला काढण्यास घरमालकाकडे कायदेशीर कारण असले, तरी जागेचा ताबा त्याने न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच घ्यावयाचा असतो, हे या तरतुदीमागील मूळ तत्त्व आहे.

## पार्श्वभूमी

भाडे नियंत्रण कायद्यांनी घरमालकाच्या दोन अधिकारांवर मर्यादा घातली. त्याला मन मानेल तसे भाडे वाढविता येत नाही आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येत नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार, भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत आहे किंवा देण्यास तयार आहे तोवर घरमालकाला ताबा मागता येत नाही. भाडे थकले तरी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. घरमालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल किंवा इमारत पाडून नवी बांधावयाची असेल, तर त्यासाठी कलम १६ मधील कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात. असे दावे व त्यांवरील अपिले अनेक वर्षे चालतात.

जुन्या चाळी व वाड्यांमध्ये भाडे अत्यल्प आणि जमिनीची किंमत मोठी असते. त्यामुळे न्यायालयाबाहेर भाडेकरूला कंटाळवून घालविण्याचा मोह तेथे अधिक असतो. नळ बंद करणे किंवा पंप काढून नेणे हे त्याचे सोपे साधन ठरते, कारण त्यात दाराला कुलूप लावावे लागत नाही आणि उघड बळजबरीही दिसत नाही. हा धोका ओळखून मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ च्या कलम २४ मध्येच अशा कृतीस मनाई करण्यात आली होती. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या नव्या अधिनियमात ती कलम २९ म्हणून पुढे चालू राहिली.

## मनाईचे स्वरूप

कलम २९ (१) नुसार घरमालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कोणाही व्यक्तीमार्फत, योग्य किंवा पुरेशा कारणाशिवाय, भाडेकरू उपभोगत असलेला अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा तोडता अथवा रोखता येत नाही. ‘त्याच्या वतीने’ या शब्दांमुळे रखवालदार, भाडे गोळा करणारा मेहता किंवा विकासकाची माणसे यांनी केलेल्या कृतीची जबाबदारीही घरमालकावर येऊ शकते.

अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा यांत पाणी, वीज, येण्याजाण्याच्या मार्गांवरील व जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छताविषयक सेवा यांचा समावेश आहे. त्यामुळे भाडेकरूच्या खोलीतील वीज चालू असली, तरी सामायिक जिन्यातील दिवे मुद्दाम बंद ठेवणे या मनाईत येऊ शकते.

या कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट नमूद आहे. महानगरपालिकेने किंवा अन्य सक्षम प्राधिकरणाने पुरवठा तोडला, पण तशी वेळ घरमालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे आली, तर तेही घरमालकाने पुरवठा रोखल्यासारखेच मानले जाते. नळजोडणी घरमालकाच्या नावावर असते, भाडेकरू भाड्यासोबत पाणीपट्टीचा वाटा देत असतो आणि घरमालक महानगरपालिकेची देयके थकवितो. त्यानंतर पालिका जोडणी तोडते. ‘पाणी मी तोडलेले नाही, पालिकेने तोडले’ हा घरमालकाचा बचाव अशा वेळी टिकत नाही.

## ‘योग्य किंवा पुरेसे कारण’

पुरवठा खंडित होण्याची प्रत्येक घटना कलम २९ चा भंग ठरत नाही. फुटलेली जलवाहिनी बदलण्यासाठी दोन दिवस पाणी बंद ठेवणे किंवा धोकादायक तारा दुरुस्त करण्यासाठी वीज बंद करणे यामागे योग्य कारण असते. तथापि दुरुस्तीचे कारण दुरुस्ती चालू असेपर्यंतच पुरते. ती सुरूच झाली नाही किंवा विनाकारण लांबविण्यात आली, तर ते कारण निमित्तमात्र असल्याचे अनुमान न्यायालय काढू शकते.

थकलेले भाडे हा वादाचा नेहमीचा मुद्दा असतो. भाडे वसूल करण्यासाठी आणि थकबाकीमुळे ताबा मिळविण्यासाठी कायद्याने नोटीस व दावा असा स्वतंत्र मार्ग आखून दिलेला आहे. त्याला फाटा देऊन पाणी बंद करणे हे वसुलीचे कायदेशीर साधन नाही. वीजमीटर भाडेकरूच्या स्वतःच्या नावावर असून त्याने देयक भरले नाही, तर परिस्थिती वेगळी असते. तेव्हा पुरवठा तोडण्याचा अधिकार वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार वितरण कंपनीला असतो आणि तिला त्यासाठी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तो अधिकार घरमालकाचा नसतो.

## न्यायालयीन मार्ग

### सक्षम न्यायालय

बृहन्मुंबईत हा अर्ज लघुवाद न्यायालयात केला जातो. पुण्यासारख्या ज्या ठिकाणी लघुवाद न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात आणि अन्यत्र दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे तो करावयाचा असतो. अर्ज करणारा भाडेकरू जागेत प्रत्यक्ष राहत असला पाहिजे.

### काय सिद्ध करावे लागते

भाडेकरूला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो त्या जागेचा भाडेकरू आहे, पुरवठ्याचा उपभोग तो पूर्वीपासून घेत होता आणि घरमालकाने किंवा त्याच्यामुळे तो पुरवठा खंडित झाला. यांपैकी दुसरी गोष्ट सोपी वाटत असल्याने ती मांडण्यात अनेकदा कसूर होते. नळ कोरडा असल्याचे आजचे छायाचित्र कालपर्यंत पाणी येत होते हे सिद्ध करीत नाही. त्यासाठी पाणीपट्टीचा वाटा भरल्याच्या पावत्या, पूर्वीचा पत्रव्यवहार, जुनी छायाचित्रे आणि शेजाऱ्यांची शपथपत्रे उपयोगी पडतात.

भाडेपावत्या घरमालक देत नसेल, तर भाडे बँकेतून जमा केल्याच्या नोंदी, शिधापत्रिका आणि जागेच्या पत्त्यावर आलेली देयके यांचा आधार घेता येतो. लेखी व नोंदणीकृत करार करून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. असा करार नसेल तर भाडेकराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

### अंतरिम आदेश

संपूर्ण चौकशी होईपर्यंत भाडेकरू पाण्यावाचून राहू शकत नाही. म्हणून चौकशीपूर्वी किंवा ती चालू असताना, ठरावीक तारखेपर्यंत पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. व्यवहारात सर्वाधिक महत्त्व याच आदेशाला असते. मूळ अर्जासोबत अंतरिम आदेशाची स्वतंत्र मागणी आणि शपथपत्र दाखल केले नाही, तर प्रकरण सामान्य क्रमाने चालते आणि उपाययोजनेचा हेतूच मागे पडतो. वस्तुस्थितीविषयी वाद असल्यास जागेची पाहणी करून अहवाल देण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमण्याची विनंती करता येते. पंप जागेवर आहे की नाही, नळाची झडप कोठे व कोणाच्या कुलपात आहे, हे अशा अहवालातून स्पष्ट होते.

चौकशीअंती पुरवठा योग्य कारणाशिवाय तोडल्याचे आढळल्यास न्यायालय तो पूर्ववत करण्याची तारीख ठरवून देते. ती तारीख उलटल्यानंतर कसूर चालू राहील त्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी न्यायालयाचे पुढील निर्देश आवश्यक असतात. म्हणून तारीख उलटताच भाडेकरूने न्यायालयाच्या नजरेस ती बाब आणून द्यावी लागते.

## ना हरकत प्रमाणपत्राशिवाय पुरवठा

कलम २९ (५) नुसार, ज्याचा पुरवठा घरमालकाने रोखला आहे किंवा ज्याला स्वखर्चाने वेगळा पुरवठा हवा आहे, असा भाडेकरू महानगरपालिकेकडे अथवा अन्य अधिकृत प्राधिकरणाकडे थेट अर्ज करू शकतो. घरमालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राचा आग्रह न धरता ती परवानगी देणे प्राधिकरणाच्या दृष्टीने कायदेशीर ठरते. घरमालकाची सही मिळत नाही म्हणून अर्ज खिडकीवरूनच परत केला जात असेल, तर या पोटकलमाचा उल्लेख करून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

विजेच्या बाबतीत भाडेकरूची बाजू अधिक भक्कम आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास वितरण कंपनीने त्याला वीज पुरविणे बंधनकारक आहे. दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. वीज ही मूलभूत सुविधा आहे, घरमालकाने ना हरकत प्रमाणपत्र नाकारले या कारणास्तव भाडेकरूला ती नाकारता येत नाही आणि अर्जदार त्या जागेचा ताबा धारण करतो की नाही एवढेच वीजपुरवठादाराने पाहावयाचे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

पाण्याच्या बाबतीत मात्र तांत्रिक अडचणी उरतात. नवी जलवाहिनी कोठून न्यावी, दाब पुरेसा आहे का आणि जुन्या जोडणीवरील थकबाकी कोणी भरावी, हे प्रश्न पालिकेच्या नियमांप्रमाणे सुटावे लागतात. त्यामुळे या मार्गाला वेळ लागू शकतो आणि तोपर्यंत अंतरिम आदेशाची गरज संपत नाही.

## फौजदारी मार्ग

योग्य कारणाशिवाय पुरवठा तोडणे हा कलम २९ अन्वये गुन्हाही आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात.

प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात अशा तक्रारीला ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. पुरवठ्यासंबंधीचा वाद दिवाणी न्यायालयातही जाऊ शकत असला, तरी त्यामुळे गुन्ह्याचे स्वरूप नाहीसे होत नाही. तक्रारीत कलम २९ चा स्पष्ट उल्लेख असल्यास हा मुद्दा मांडणे सोपे जाते. गुन्हा नोंदविण्यास नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ (४) नुसार तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र फौजदारी खटल्यात आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागतो आणि आरोपीला शिक्षा झाल्याने नळाला पाणी येत नाही. म्हणून हा मार्ग दिवाणी अर्जाच्या जोडीने अवलंबिला जातो.

## उदाहरण

कलमातील टप्पे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतात. पुण्यातील एका पेठेत सहा भाडेकरूंचा वाडा आहे. महानगरपालिकेची एकच नळजोडणी मालकाच्या नावावर असून पाणी अंगणातील हौदात पडते. तेथून ते पंपाने गच्चीवरील टाकीत चढते. पंप व जिन्यातील दिवे मालकाच्या मीटरवर आहेत; खोल्यांतील वीज भाडेकरूंच्या स्वतःच्या मीटरवर आहे. मालकाला वाडा विकासकाकडे द्यावयाचा आहे आणि दोन भाडेकरू त्याने देऊ केलेल्या रकमेवर जागा सोडण्यास तयार नाहीत. एके दिवशी पंप जळाल्याचे सांगून तो काढून नेला जातो आणि तीन आठवडे उलटले तरी परत बसविला जात नाही. त्याच सुमारास जिन्यातील दिवेही बंद होतात.

ते दोघे भाडेकरू प्रथम नोंदणीकृत टपालाने मालकाला पत्र पाठवितात. पंप कोणत्या तारखेला काढला, तो कोठे दुरुस्तीस दिला आहे आणि कधी बसविणार, एवढेच ते विचारतात. या पत्रामुळे पुरवठा बंद झाल्याच्या तारखेची नोंद तयार होते आणि मालकाला खरे कारण असेल तर ते सांगण्याची संधीही मिळते. चालू महिन्याचे भाडे मालक स्वीकारत नाही, तेव्हा ते मनीऑर्डरने पाठविले जाते आणि नाकारल्याची नोंद जपून ठेवली जाते.

उत्तर न आल्याने ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयात अर्ज करतात. अर्जासोबत दहा वर्षांच्या भाडेपावत्या, पाणीपट्टीचा वाटा दिल्याच्या नोंदी, समोरच्या वाड्यातील दोन रहिवाशांची शपथपत्रे आणि रिकाम्या पंपचौथऱ्याची छायाचित्रे असतात. पंप खरोखरच जळाल्याचे मालक सांगतो. येथे न्यायालयापुढील मुख्य प्रश्न पंप बिघडला होता का, एवढाच राहत नाही. दुरुस्तीला तीन आठवडे का लागले, दुरुस्ती करणाऱ्याची पावती आहे का, मधल्या काळात पर्यायी सोय केली का आणि पंपाशी संबंध नसलेले जिन्यातील दिवे का बंद झाले, या प्रश्नांची उत्तरे मालकाला द्यावी लागतात. ती समाधानकारक नसल्यास न्यायालय आठ दिवसांत पंप बसविण्याचा अंतरिम आदेश देऊ शकते.

अंतरिम आदेश न पाळल्यासही तोच दैनिक दंड लागू होतो. मालकाने २० दिवस आदेश पाळला नाही असे मानल्यास दंडाची कमाल रक्कम २,००० रुपये होते. पेठेतील जागेच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे. म्हणूनच हे भाडेकरू त्याच वेळी कलम २९ (५) नुसार महानगरपालिकेकडे स्वतंत्र नळजोडणीचा अर्ज करतात आणि पोलिसांकडे तक्रारही देतात.

## मर्यादा व नेहमीच्या चुका

### भाडे थांबविणे

पाणी बंद झाले म्हणून भाडे देणे थांबविणे ही भाडेकरूकडून होणारी सर्वांत नुकसानकारक चूक होय. त्यामुळे थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा करण्याची संधी घरमालकाला मिळते. भाडे वेळेवर देत राहणे आणि ते नाकारले गेल्यास तसा पुरावा ठेवणे हिताचे असते. त्याचप्रमाणे तुटलेली वीज आकडा टाकून किंवा मीटर वगळून परस्पर जोडणे हा वीज अधिनियमाच्या कलम १३५ खालील वीजचोरीचा गुन्हा ठरू शकतो.

### लिव्ह अँड लायसन्स करार

कलम २९ चे संरक्षण ‘भाडेकरू’ला आहे. शहरांत सध्या बहुतेक घरे ठरावीक महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात आणि असा परवानाधारक सर्वसाधारणपणे या अधिनियमातील भाडेकरू ठरत नाही. तरीही मुदत संपल्यावर निवासी जागेचा ताबा मिळविण्यासाठी मालकाने कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट शुल्क द्यावे लागते, हा त्यावरील कायदेशीर दबाव आहे. मुदत चालू असताना वीज तोडली गेल्यास परवानाधारकाला करारातील अटींच्या आधारे दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येतो. त्याचा काही दोष नसताना मुदतीपूर्वी त्याला काढून दिल्यास भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६४ नुसार त्याला भरपाई मागता येते.

एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या, बँका व सार्वजनिक उपक्रम यांना दिलेल्या जागांना हा अधिनियमच लागू होत नाही.

### धोकादायक इमारती

इमारत धोकादायक ठरवून महानगरपालिकेने स्वतःच्या अधिकारात ती रिकामी करण्याची नोटीस दिली आणि सुरक्षिततेसाठी पाणी व वीज बंद केली, तर वादाचे स्वरूप बदलते. मुंबईत अशी नोटीस मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली दिली जाते. तेव्हा इमारत खरोखर तशा अवस्थेत आहे काय, हा प्रश्न पुढे येतो आणि आव्हान नोटिशीला द्यावे लागते. मात्र इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचे हक्क आपोआप संपत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणात २०१४ मध्ये ठरविले आहे.

## बळजबरीने ताबा घेणे

पुरवठा तोडण्याची पुढची पायरी अनेकदा कुलूप बदलण्याची असते. ती वेळ आल्यास कलम २९ पुरे पडत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायदेशीर प्रक्रियेविना ताबा गमावलेली व्यक्ती ताबा परत मिळविण्यासाठी दावा करू शकते आणि तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न तपासला जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला एवढेच पाहिले जाते. भाडेपट्ट्याची मुदत संपली असली तरी जमीनमालकाला बळाने ताबा घेता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने लल्लू यशवंतसिंग विरुद्ध राव जगदीशसिंग या प्रकरणात पूर्वीच मांडले होते.

## अन्य कायद्यांतील तरतुदी

दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ मध्ये अशीच मनाई आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या कलम २० मध्ये हा विषय न्यायालयाऐवजी भाडे प्राधिकरणाकडे सोपविला आहे. प्राधिकरणाने तातडीचा अंतरिम आदेश द्यावा आणि चौकशी एका महिन्यात संपवावी, अशी तेथे अपेक्षा आहे. हा केवळ नमुना असून राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो त्या राज्यात लागू होत नाही.